विलायतेत कापलेला कर, बडोद्यात आलेली नोटीस

गेल्या नोव्हेंबरात दांडिया बाजारातले एक काका आयकराची नोटीस घेऊन माझ्याकडे आले. हातात प्लास्टिकची फाईल, त्यात ब्रिटनच्या पेन्शनची प्रत्येक स्लिप तारीखवार लावलेली. बत्तीस वर्षं लेस्टरला नोकरी केली, २०२१ च्या जूनमध्ये काकूंसह कायमचे बडोद्याला परतले. "अरे, तिकडे कर कापून पैसे येतात. इकडे सगळं दाखवलंय. तरी हे विचारतातच काय?" असा त्यांचा सवाल होता.

असे काका गावात बरेच आहेत, आणि सध्या त्यांची झोप उडायला कारणही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याने परदेशी खाती आणि उत्पन्न असलेल्यांना एसएमएस आणि ईमेल धाडले. त्यानंतर २४,६७८ करदात्यांनी आपली रिटर्नं पुन्हा तपासल्याचं किंवा सुधारून भरल्याचं खात्यानेच जाहीर केलं. २०२५ च्या नोव्हेंबरात अशा संदेशांची दुसरी फेरी निघाली. पण काकांनी लपवलं काहीच नव्हतं. त्यांची चूक वेगळी होती, आणि ती प्रामाणिक माणसाच्याच हातून होते. म्हणून ती सविस्तर सांगतो.

आधी पेन्शन कशी येते ते

काकांना दोन पेन्शनी मिळतात. एक जुन्या कंपनीच्या पेन्शन फंडातून, महिन्याला १,००० पौंड, म्हणजे वर्षाला १२,०००. दुसरी ब्रिटिश सरकारची वृद्धापकाळाची, जिला तिकडे स्टेट पेन्शन म्हणतात, ती वर्षाला साधारण ८,००० पौंड. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल केले आहेत. स्टेट पेन्शन तिकडे राहणाऱ्यांची दर एप्रिलला वाढते. भारतात राहायला आलेल्यांची मात्र आहे त्या रकमेवर गोठते. काकू हा विषय रोज एकदा तरी काढतात.

स्टेट पेन्शनमधून कर कापला जात नाही, ती अख्खी हातात येते. कंपनीच्या पेन्शनमधून मात्र पगारासारखा दर महिन्याला कापला जातो. ब्रिटनमध्ये वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत कर नाही. तिथलं कर खातं, म्हणजे एचएमआरसी, त्यातून आधी स्टेट पेन्शनचे ८,००० वजा करतं. उरतात ४,५७०. कंपनीच्या १२,००० मधून हे ४,५७० सोडले की ७,४३० राहतात. त्यांवर २० टक्क्यांनी झाले १,४८६ पौंड. वर्षाला एवढे काकांच्या हातात येण्याआधीच जातात.

पहिली दोन वर्षं काहीच का झालं नाही

परतल्यावरची पहिली दोन वर्षं काकांना भारतात या पेन्शनवर कर लागलाच नाही. त्यामुळे त्यांचा समज पक्का झाला की "तिकडे कापलंय, म्हणजे इकडे प्रश्न मिटला". खरं कारण दुसरंच होतं.

आपला कायदा नुकत्याच परतलेल्या माणसाला थोडी सवलतीची मुदत देतो. भारतात राहू लागल्यावर तो रहिवासी ठरतो, पण आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं तो अनिवासी असेल, किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिला असेल, तर त्याला आरएनओआर असा मधला दर्जा मिळतो. या दर्जाच्या माणसाचं परदेशात कमावलेलं आणि परदेशातच हातात आलेलं उत्पन्न भारतात करपात्र नसतं.

काकांना २०२१-२२ आणि २०२२-२३ ही दोन वर्षं नऊ वर्षांच्या कसोटीने मिळाली. तिसऱ्या वर्षी ती कसोटी संपली. उरली दिवसांची कसोटी. ७२९ दिवसांत बसले असते तर तिसरं वर्षही मिळालं असतं, पण आधीच्या प्रत्येक हिवाळ्यात लग्नकार्यांसाठी ते महिनाभर बडोद्यात येऊन गेलेले. ते दिवस मोजल्यावर बेरीज आठशेच्या वर गेली. म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून काका पूर्ण रहिवासी झाले. पूर्ण रहिवाशाचं जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न भारतात करपात्र असतं, मग त्याने ते पैसे इथे आणले असोत की लंडनच्या बँकेत ठेवले असोत.

सवलतीच्या वर्षांतही एक खड्डा आहे. पेन्शन थेट बडोद्यातल्या बँक खात्यात जमा होत असेल, तर ती 'भारतात मिळालेली' ठरते आणि आरएनओआर असूनही तिच्यावर कर लागतो. आधी ब्रिटनच्या खात्यात जमा होऊन मग तिथून इकडे पाठवलेली असेल, तर लागत नाही. पैसा एकच, माणूस एकच, फरक फक्त पहिल्यांदा तो कुठे हातात आला याचा. काकांची पेन्शन नशिबाने तिकडच्याच खात्यात येत होती.

'दोनदा कर नाही' याचे तीन अर्थ

भारत आणि ब्रिटन यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. २५ जानेवारी १९९३ ला त्यावर सह्या झाल्या. असे करार आपण अनेक देशांशी केलेले आहेत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. दुहेरी कर टाळायचा म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर प्रत्येक उत्पन्नासाठी वेगळं लिहिलेलं असतं. काही उत्पन्नावर फक्त जिथून पैसा येतो तो देश कर घेतो. काहींवर फक्त माणूस जिथे राहतो तो देश. आणि काहींवर दोघांनीही घ्यायचा, पण राहत्या देशाने आधी भरलेला कर आपल्या करातून वजा करून द्यायचा. या वजावटीला आपण क्रेडिट म्हणू.

लोकांना हा तिसरा प्रकार तेवढा माहीत असतो. ब्रिटनच्या बँकेतलं व्याज किंवा तिकडच्या शेअरचा लाभांश त्यात मोडतो, म्हणून अनुभवही त्याचाच असतो.

पेन्शनचं तसं नाही. ब्रिटनशी केलेल्या कराराचं विसावं कलम सांगतं की, सरकारी नोकरीची पेन्शन सोडून बाकीची पेन्शन माणूस ज्या देशाचा रहिवासी आहे फक्त त्याच देशात करपात्र. 'फक्त' हा शब्द इथे सगळं काम करतो. काका भारताचे रहिवासी झाले, त्या दिवसापासून त्यांच्या दोन्ही पेन्शनींवर कर घ्यायचा हक्क फक्त भारताचा. तरीही ब्रिटन कर कापत राहिलं. कारण सोपं आहे. काका बडोद्याला आले हे पेन्शन फंडाला नुसत्या पत्त्यावरून कळतं, पण कर थांबवायचा तर एचएमआरसीचा हुकूम लागतो. तो कुणी मागितलाच नव्हता.

समजा तुम्ही कारेलीबागेतली सोसायटी सोडून अलकापुरीतल्या सोसायटीत राहायला गेलात, पण जुनी सोसायटी बँकेतून मेंटेनन्स कापतच राहिली. नव्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाऊन "मी तिकडे भरलेत, इकडचे वजा करा" म्हणालात तर तो काय म्हणेल? जुन्यांकडून परत घ्या, आणि आमचे आमच्याकडे भरा. आयकर अधिकारीही तेच म्हणतो, फक्त कलमांच्या भाषेत.

त्याच्या बाजूने कराराचं चोविसावं कलम आहे. भारत क्रेडिट देईल, पण ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे *आणि या कराराला धरून* भरलेल्या कराचं. विसाव्या कलमाप्रमाणे ब्रिटनने कर घ्यायलाच नको होता, म्हणजे तो कराराला धरून भरलेला नाही. त्यामुळे त्याचं क्रेडिट नाही.

नोटिशीत काय होतं

काकांनी २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं रिटर्न सप्टेंबर २०२५ मध्ये वेळेत भरलं होतं. परदेशी उत्पन्नाचा तक्ता, म्हणजे शेड्यूल एफएसआय, त्यांनी स्वतः भरला. क्रेडिट मागायचा फॉर्म ६७ ही जोडला. शेड्यूल एफएसआयमध्ये एक रकाना असतो: कराराच्या कोणत्या कलमाखाली सूट मागता? काकांनी इंटरनेटवर शोधून तिथे '२०' लिहिलं. ज्या कलमाने ब्रिटनचा हक्कच काढून घेतला, त्याच कलमाच्या आधारे ब्रिटनला दिलेला कर वजा मागितला. अधिकाऱ्याची नजर तिथेच गेली असणार.

नोटीस छाननीची होती आणि सोबतच्या प्रश्नावलीत तीन गोष्टी विचारल्या होत्या. एक, पेन्शनची एकूण रक्कम कशी काढली, कारण ती ब्रिटनच्या वार्षिक दाखल्याशी जुळत नाही. दोन, १,५६,०३० रुपयांचं क्रेडिट कोणत्या आधारावर. तीन, ब्रिटनमधल्या बँक खात्याचा तपशील.

काका रेसकोर्सवरच्या आयकर भवनात जाऊन साहेबांना भेटायला निघाले होते. त्याचा उपयोग नसतो. आता छाननी चेहऱ्याविना चालते. प्रश्न विचारणारा अधिकारी देशात कुठेही बसलेला असतो आणि उत्तर पोर्टलवरच्या ई-प्रोसीडिंग्ज या टॅबमधूनच द्यावं लागतं. नोटीस खरी आहे की नाही हे आधी बघावं. तिच्यावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो पोर्टलवर टाकून तपासता येतो. दिलेल्या तारखेत कागद जमणार नसतील तर त्याच टॅबमध्ये मुदत वाढवून मागायची सोय आहे. गप्प बसणं हाच एक वाईट पर्याय.

पहिला प्रश्न: रक्कम जुळत का नाही

याचं उत्तर बिनचूक होतं, फक्त मांडलेलं नव्हतं. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असतं, आपलं १ एप्रिल ते ३१ मार्च. काकांची पेन्शन दर महिन्याच्या १ तारखेला जमा होते. म्हणजे १ एप्रिल २०२४ ची पेन्शन आपल्या २०२४-२५ मध्ये येते, पण ब्रिटनच्या हिशेबात मागच्या वर्षात. उलट १ एप्रिल २०२५ ची त्यांच्या २०२४-२५ मध्ये आणि आपल्या पुढच्या वर्षात. त्या एप्रिलला पेन्शन १,००० वरून १,०२० झाली होती. म्हणून तिकडचा वार्षिक दाखला, ज्याला पी६० म्हणतात, १२,०२० दाखवतो आणि आपल्या वर्षाची बेरीज १२,००० येते. वीस पौंडांचा फरक. आम्ही बारा ओळींचा तक्ता केला: तारीख, पेन्शनची पूर्ण रक्कम, कापलेला कर, हातात आलेली रक्कम, विनिमय दर, रुपये. खाली पी६० शी ताळमेळ दाखवणाऱ्या दोन ओळी. असा तक्ता असला की हा प्रश्न एका वाचनात संपतो.

विनिमय दर मात्र गूगलवरचा चालत नाही. नियम ११५ सांगतो की कंपनीच्या पेन्शनसाठी ज्या महिन्यात ती देय झाली त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर घ्यायचा. बँक परदेशातून आलेले पैसे विकत घेते तो हा दर. म्हणजे बारा महिन्यांचे बारा दर. इथे सोयीसाठी मी सगळीकडे १०५ रुपये धरतो.

रक्कम नेहमी पूर्ण दाखवायची, कर कापण्याआधीची. "माझ्या हातात तर तेवढे आलेच नाहीत" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता उत्तर तोंडपाठ झालंय: पगारातून टीडीएस कापला जात होता तेव्हाही पूर्ण पगारच दाखवत होता ना? कापलेला करही तुमच्याच कमाईतून गेलेला असतो. हातात आलेली रक्कम दाखवली आणि वर कापलेल्या कराचं क्रेडिटही मागितलं, तर तोच कर दोनदा वजा होतो. ही चूक मात्र प्रामाणिक दिसत नाही.

दुसरा प्रश्न: क्रेडिट

इथे काकांशी माझा बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, कर तर खरंच गेलाय, पावती आहे, मग भांडायला काय हरकत? हरकत ही की भांडण हरायचं आहे. कराराचा मजकूर स्पष्ट आहे.

हिशेब असा. २०,००० पौंडांचे १०५ ने २१,००,००० रुपये. कंपनीची पेन्शन पगार या सदरात येते, म्हणून नव्या करप्रणालीत तिच्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट. उरले २०,२५,०००. त्या वर्षीच्या टप्प्यांप्रमाणे पंधरा लाखांपर्यंत १,४०,००० आणि वरच्या ५,२५,००० वर ३० टक्क्यांनी १,५७,५००. एकूण २,९७,५००, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३,०९,४०० रुपये. काकांनी यातून ब्रिटनचे १,४८६ पौंड, म्हणजे १,५६,०३० रुपये वजा करून १,५३,३७० भरले होते. क्रेडिट गेलं की तेवढेच १,५६,०३० भरायचे राहतात.

नोटीस नोव्हेंबरात आली हे काकांचं नशीब. त्या वर्षाचं रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत, छाननी पूर्ण होण्याआधी, सुधारून भरता येत होतं. छाननीची नोटीस आली म्हणजे ही वाट बंद झाली असं नाही. अनेकांना हे ठाऊक नसतं. काकांनी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रक्कम भरली, क्रेडिट काढून टाकून सुधारित रिटर्न भरलं आणि उत्तरात त्याची पोच जोडली. व्याज काही लागलं नाही. मूळ रिटर्न वेळेत होतं, आणि साठी ओलांडलेल्या, धंद्याचं उत्पन्न नसलेल्या रहिवाशाला ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागत नाही, त्यामुळे तो न भरल्याचं व्याजही नाही.

उत्तराचा मसुदा आम्ही मुद्दाम कोरडा ठेवला. साधारण असा:

"कंपनीच्या पेन्शनवर ब्रिटनमध्ये १,४८६ पौंड कर कापला गेला. पावत्या सोबत आहेत. हा कर भारतातल्या करातून वजा होतो अशा समजुतीने फॉर्म ६७ भरला होता. भारत-ब्रिटन कराराच्या विसाव्या कलमाप्रमाणे ही पेन्शन फक्त भारतात करपात्र असल्याने क्रेडिटची मागणी मागे घेत आहे. सुधारित रिटर्न आणि चलन जोडले आहे. ब्रिटनकडून परताव्यासाठी केलेल्या अर्जाची प्रत जोडली आहे. संपूर्ण उत्पन्न मूळ रिटर्नमध्येही जाहीर केले होते."

शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड लपलेल्या कराच्या निम्म्याएवढा असू शकतो. पण सगळी माहिती उघड केली होती आणि चूक समजुतीची होती, असं पटवता आलं तर कायद्यातच त्याला सूट आहे. काकांच्या फायलीत हे पटवायला काही करावं लागलं नाही. तो २० चा आकडाच साक्षीला होता.

आधीच्या वर्षाची, २०२३-२४ ची गोष्ट मात्र महाग पडली. तिथेही त्यांनी असंच क्रेडिट घेतलं होतं, सुमारे दीड लाखांचं, आणि सुधारित रिटर्नची मुदत संपली होती. त्या वर्षाची नोटीस नव्हती, म्हणून अद्ययावत रिटर्न, ज्याला आयटीआर-यू म्हणतात, ते भरता आलं. त्यात राहिलेला कर तर भरायचाच, वर ३१ मार्च २०२६ पर्यंत त्याच्या २५ टक्के जास्त. पुढे तोच आकडा ५० टक्के होतो. काकांचे सुमारे साडेसदतीस हजार असे गेले.

तिसरा प्रश्न: बँक खातं

पूर्ण रहिवाशाने परदेशातलं प्रत्येक खातं शेड्यूल एफएमध्ये दाखवायचं असतं, त्यात शिल्लक शंभर पौंड असली तरी. हा तक्ता आर्थिक वर्षाचा नसून कॅलेंडर वर्षाचा असतो. २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४ चं खातं. वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक आणि वर्षअखेरची शिल्लक, दोन्ही विचारतात. काकांनी एप्रिल ते मार्च धरलं होतं, ते दुरुस्त केलं.

"त्यांना कळतं कसं?" हा प्रश्न काकूंचा. भारत आणि ब्रिटन २०१७ पासून एकमेकांना खातेदारांची माहिती दरवर्षी आपोआप पाठवतात. ब्रिटनच्या बँकेत तुम्ही बडोद्याचा पत्ता दिलात की नाव, शिल्लक आणि व्याज इकडे येतं. खातं न दाखवल्याचा दंड काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये आहे. ऑक्टोबर २०२४ पासून जमीनजुमला सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही. पण दाखवायचं बंधन त्यालाही आहेच.

मग ब्रिटनचे पैसे परत कसे मिळतात

यासाठी एचएमआरसीचा डीटी-इंडिव्हिज्युअल नावाचा अर्ज आहे. त्यात दोन गोष्टी एकदम मागता येतात: आजवर कापलेला परत द्या, आणि पुढे कापू नका. सोबत भारताचे रहिवासी असल्याचा पुरावा लागतो. तो म्हणजे कर रहिवास दाखला. काकांनी पोर्टलवर फॉर्म १०एफए भरून अर्ज केला. हा दाखला मात्र तुमच्या हद्दीतला अधिकारी देतो. त्यामुळे आयकर भवनात जायची काकांची हौस अखेर फिटली. परतताना सेव-उसळ खाऊन आले.

एचएमआरसीने अर्ज मान्य केला की ते पेन्शन फंडाला एनटी नावाचा कोड पाठवतात, अर्थ 'कर नाही'. मागचा परतावा ब्रिटनच्या करवर्षाच्या अखेरीपासून चार वर्षांच्या आत मागता येतो. ५ एप्रिल २०२५ ला संपलेल्या वर्षासाठी ५ एप्रिल २०२९ पर्यंत वेळ आहे. एक व्यवहाराची गोष्ट: परतावा यायला महिने लागतात, तोवर तिकडचं बँक खातं बंद करू नका. पौंडांचा चेक बडोद्याच्या शाखेत वटवणं ही वेगळीच तपश्चर्या आहे.

"पण माझा पासपोर्ट ब्रिटिश आहे"

काकांचाही आहे, वर ओसीआय कार्ड. विसाव्या कलमाला पासपोर्टशी देणंघेणं नाही, ते फक्त रहिवास बघतं. नागरिकत्वाचा प्रश्न येतो तो सरकारी नोकरीच्या पेन्शनमध्ये. कुणी ब्रिटिश सरकारची किंवा तिथल्या नगरपालिकेची नोकरी केली असेल तर एकोणिसावं कलम लागतं, आणि ती पेन्शन फक्त ब्रिटनमध्ये करपात्र असते. तीच व्यक्ती भारताची रहिवासी आणि भारतीय नागरिकही असेल तर उलट होऊन फक्त भारतात. म्हणजे तिकडच्या नगरपालिकेत शेजारी बसून काम केलेल्या दोन बडोदेकरांचे कर पासपोर्टवरून वेगळे ठरू शकतात. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे इथे अचानक महत्त्वाचं होतं.

"आणि माझा भाऊ न्यू जर्सीहून आला, तो तर इकडे काहीच भरत नाही"

बरोबरच करत असेल. अमेरिकेशी केलेल्या करारात पेन्शनचं कलमही विसावंच आहे, पण मजकूर निराळा. तिथली सरकारी वृद्धापकाळ पेन्शन, म्हणजे सोशल सिक्युरिटी, फक्त अमेरिकेत करपात्र. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या परकीय नागरिकाच्या या पेन्शनमधून ते सरसकट २५.५ टक्के कापतात, आणि तो कर तिथेच राहतो. त्यावर भारतात कर नाही, म्हणून क्रेडिटही नाही, फॉर्म ६७ ही नाही. पण रिटर्नमध्ये ती दाखवायचीच. शेड्यूल ईआयमध्ये करारामुळे करपात्र नसलेल्या उत्पन्नासाठी जागा आहे, तिथे देश, रक्कम आणि कलम लिहायचं. ती जागा कोरी ठेवली की खात्यातले डॉलर कुठून आले हा प्रश्न येतो. त्याच भावाला अमेरिकी खासगी कंपनीची पेन्शन असेल आणि तो अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, तर तिचा नियम काकांच्या पेन्शनसारखा: कर फक्त भारतात.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे, त्यात कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलले आहेत. २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो, आणि देशांमधले करार आहेत तसेच आहेत.

काकांच्या पेन्शन स्लिपवर कोडच्या जागी आता एनटी दिसायला हवं. ते दिसेल त्या महिन्यापासून १,०२० पौंड अख्खे जमा होतील, आणि त्यातून भारताचा कर कापणारं मधे कुणी नसेल. वर्षाला २१ लाख रुपयेच धरले, तर २०२५-२६ च्या बदललेल्या टप्प्यांप्रमाणे त्यांचा कर २,१४,५०० येतो. काकूंनी बँकेत अठरा हजारांचं मासिक रिकरिंग उघडलं आहे, आणि पासबुकावर पेन्सिलने लिहिलंय: 'सरकारचे. हात लावू नये.'